सहाशे पट्ट्या आणि छत्तीस थर

«ताई, एका खोलीच्या जमिनीला ३० सेमी बाजूच्या चौरस फरश्या बसवायच्या आहेत. जमीन ३ मीटर बाय २ मीटर, म्हणजे ६ चौरस मीटर. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणून मी ६०० चौरस सेंटिमीटर धरले. एक फरशी ९०० चौरस सेंटिमीटरची. म्हणजे अख्ख्या खोलीला एक फरशीसुद्धा लागत नाही! मग काचेच्या टाकीचा हिशेब केला: १.२ मी × ०.६ मी × ०.५ मी, म्हणजे ०.३६ घनमीटर. त्याचे ३६ घन सेंटिमीटर झाले, म्हणजे ३६ मिलिलिटर. औषधाच्या बाटलीतही याहून जास्त मावतं. चुकतंय हे दिसतं, पण कुठे ते कळत नाही. १०,००० आणि १०,००,००० हे आकडे शाळेत पाठ केले होते, पण कुठला कुठे वापरायचा हे दर वेळी विसरते. एकदा कारणच सांगाल का? आणि लिटर यात मधेच कुठून येतो?»

तुमचे ६०० आणि ३६ हे दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ६०० हे चौरस सेंटिमीटर नाहीत आणि ३६ हे घन सेंटिमीटर नाहीत. तुम्ही दुसरंच काहीतरी मोजलं आणि त्याला चौरस सेंटिमीटरचं नाव दिलं. काय मोजलं ते सापडलं की पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

१ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असा एक कागद घ्या. मनातल्या मनात घेतला तरी चालेल. त्याच्या एका बाजूवर दर सेंटिमीटरला खूण करा आणि खुणांवरून आरपार कापत जा. १०० तुकडे होतील. पण त्यातला एक तुकडा हातात धरून बघा: तो १ सेमी रुंद आहे आणि अजूनही पूर्ण १ मीटर लांब आहे. तो चौरस नाही, पट्टी आहे. तुम्ही ६ ला १०० ने गुणलंत तेव्हा नेमक्या या पट्ट्या मोजल्यात. तुमच्या जमिनीत १ सेमी रुंद आणि १ मीटर लांब अशा ६०० पट्ट्या बसतात, यात काहीच चूक नाही.

आता एक पट्टी आडवी ठेवा आणि तिच्या लांबीवर दर सेंटिमीटरला कापा. तिचे पुन्हा १०० तुकडे होतात आणि हे तुकडे खरे चौरस सेंटिमीटर असतात. म्हणजे कागद दोनदा कापावा लागला, एकदा रुंदीत आणि एकदा लांबीत, आणि प्रत्येक वेळी तुकडे १०० पट झाले. १०० × १०० = १०,०००. पाठ केलेला आकडा आला तो इथून. तुमचा हिशेब पहिल्या कापणीनंतर थांबला होता, एवढंच.

दुसरी कापणी केली की ६०० पट्ट्यांचे ६०,००० चौरस सेंटिमीटर होतात. याचा पडताळा दुसऱ्या वाटेनेही घेता येतो आणि तो घ्यावाच. खोलीची मापं गुणाकाराच्या आधीच सेंटिमीटरमध्ये लिहा: ३०० × २०० = ६०,०००. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात, कारण दुसऱ्या वाटेत लांबीने आपला १०० आणला, रुंदीने आपला १०० आणला आणि गुणाकारात दोघांची गाठ पडली. ६ हा आकडा तयार झाला तेव्हा ही दोन्ही मापं त्यात मिसळून गेलेली होती. म्हणून नुसत्या ६ कडे बघताना आत दोन लांब्या आहेत हे विसरायला होतं आणि हात एकाच १०० वर थांबतो.

फरश्यांचं आधी उरकून टाकू. ६०,००० ला ९०० ने भागलं की ६६.६७ येतात, म्हणजे ६७ फरश्या. पण ६७ मागवू नका. क्षेत्रफळाचा भागाकार असं गृहीत धरतो की उरलेला प्रत्येक तुकडा कुठेतरी जोडून वापरता येईल. तुमच्या ३ मीटरच्या बाजूला ३०० ÷ ३० = १० फरश्या अगदी बरोबर बसतात. २ मीटरच्या बाजूला मात्र २०० ÷ ३० = ६.६७ येतं. म्हणजे सहा पूर्ण ओळी, आणि सातव्या ओळीत प्रत्येक फरशी २० सेमीवर कापायची. कापून उरलेली १० सेमीची पट्टी कुठे लावणार? दोन पट्ट्या जोडून २० सेमी होतात खऱ्या, पण मधोमध सांधा दिसेल आणि तो कोणालाच नको असतो. म्हणून १० × ७ = ७० फरश्या धरायच्या आणि त्यावर फुटतुटीसाठी थोड्या जास्त. फरश्यांमधल्या सांध्यांची रुंदी मी इथे सोडून दिली आहे. एकक बदलण्याचं गणित अचूक असलं तरी ते फरशी कशी कापायची हे सांगत नाही.

आता तुम्ही विचाराल की खोली आयताकृती होती म्हणून हे जमलं, गोल जागा असती तर? तरीही पट १०,०००च. १ मीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या. क्षेत्रफळ π × १ × १, म्हणजे साधारण ३.१४१६ चौरस मीटर. त्रिज्या १०० सेमी लिहिली तर π × १०० × १०० = ३१,४१६ चौरस सेंटिमीटर. त्रिकोण असेल तर पाया आणि उंची, समलंब चौकोन असेल तर बाजूंची बेरीज आणि उंची. क्षेत्रफळाचं कुठलंही सूत्र काढा, त्यात एका लांबीला दुसऱ्या लांबीने गुणलेलं असतंच. π किंवा अर्धा हे नुसते अंक आहेत, त्यांना एकक नसतं, त्यामुळे मीटर असो वा सेंटिमीटर, ते आपल्या जागी तसेच राहतात. बदलतात त्या लांब्या, आणि त्या दोन आहेत. शंभराचा वर्ग होतो तो याच कारणाने. आकार चौरस असण्याशी त्याचा संबंध नाही.

कागदावर खात्री करायची असेल तर शाळेतला आलेख कागद काढा. त्यात १ सेमीच्या जाड रेघांच्या चौकटी असतात आणि आत मिलिमीटरच्या बारीक रेघा. एका सेंटिमीटरमध्ये १० मिलिमीटर, म्हणून चौकटीच्या एका कडेवर १० घरं दिसतात. पण चौकटीच्या आतली सगळी घरं मोजा. १० ओळी, प्रत्येक ओळीत १०, म्हणजे १००. १ चौरस सेंटिमीटर = १०० चौरस मिलिमीटर. मुलांना हा विषय शिकवताना मी याहून वेगळं साधन वापरत नाही, कारण इथे विश्वास ठेवायला काही उरतच नाही, सगळं मोजता येतं. फूट आणि इंच वापरणाऱ्यांनाही हाच नियम: १२ इंचांचा फूट, म्हणून १४४ चौरस इंचांचा चौरस फूट.

घोटाळ्याचं एक कारण लिहिण्याच्या पद्धतीतही आहे. आपण सेमी² लिहितो तेव्हा तो वरचा छोटा २ फक्त मीटरवर बसलेला नसतो, तो संपूर्ण सेंटिमीटरवर बसलेला असतो. म्हणजे आधी मीटरचा शंभरावा भाग घ्यायचा आणि मग त्याचा चौरस करायचा. उलट क्रमाने गेलं, आधी चौरस मीटर घेतला आणि मग त्याचा शंभरावा भाग केला, तर हाती येते आपली ती पट्टी. तिचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असतं, म्हणजे १० सेमी बाजूच्या चौरसाएवढं. हा क्रम आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत ठरवूनच दिलेला आहे: उपसर्ग आणि एकक मिळून एकच वस्तू मानायची आणि घात त्या अख्ख्या वस्तूला लावायचा.

टाकीकडे वळू. इथे कापण्याच्या तीन दिशा आहेत, म्हणून कापणीही तीनदा. १ मीटर बाजूचा घन घ्या आणि तो आधी आडवा कापा. १०० थर मिळतील. प्रत्येक थर १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ सेमी जाड. मग एकेक थर उभा चिरा, प्रत्येकातून १०० कांड्या निघतील, १ मीटर लांब आणि १ सेमी जाडीच्या. शेवटी एकेका कांडीचे १०० ठोकळे करा. हे ठोकळे म्हणजे घन सेंटिमीटर. १०० × १०० × १०० = १०,००,०००. किती होतात याचा अंदाज हवा असेल तर एका घनमीटरातले सगळे ठोकळे एका ओळीत मांडल्याची कल्पना करा. १० लाख सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर लांबीची रांग होईल.

तुम्ही ०.३६ ला १०० ने एकदाच गुणलंत, म्हणजे थर मोजलेत. तुमच्या टाकीतलं पाणी १ मीटर बाय १ मीटर तळाच्या पेटीत ओतलं तर ते ३६ सेमी उंच भरेल, म्हणजे १ सेमी जाडीचे ३६ थर. आकडा अगदी बरोबर. आता त्या थरांचे ठोकळे करा: ३६ × १०० × १०० = ३,६०,००० घन सेंटिमीटर.

काहीजण इथे अर्ध्यातच अडकतात. क्षेत्रफळाचा १०,००० पाठ असतो, तोच घनफळालाही लावतात आणि ३,६०० घन सेंटिमीटर, म्हणजे ३.६ लिटर, असं उत्तर काढतात. त्या ३,६०० कांड्या झाल्या. मीटर-सेंटिमीटरच्या हिशेबात तुमचं उत्तर अपेक्षेपेक्षा बरोबर १०० पट कमी आलं तर एक कापणी राहिली असं समजा, १०,००० पट कमी आलं तर दोन राहिल्या. चुकीच्या आकारावरूनच चूक कुठे झाली ते सापडतं.

लिटर मधेच येतो असं वाटतं खरं, पण तो या घरचाच आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली दशमान मापं कायद्याने ठरली, तेव्हाच मीटरच्या दहाव्या भागाची बाजू असलेला घन म्हणजे लिटर, अशी व्याख्या केली गेली. मीटरचा दहावा भाग म्हणजे डेसिमीटर, १० सेंटिमीटर. म्हणजे १० सेमी × १० सेमी × १० सेमी ही १ लिटरची पेटी, आणि तिच्यात १०×१०×१० = १,००० घन सेंटिमीटर. मधल्या काळात, १९०१ साली, ही व्याख्या पाण्याच्या वजनावर नेली गेली: सर्वाधिक घनतेच्या तापमानाला आणि प्रमाण वातावरणीय दाबाखाली १ किलोग्रॅम शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापतं तेवढा लिटर. पण अचूक मोजल्यावर हा लिटर १ घन डेसिमीटरपेक्षा अगदी किंचित मोठा निघाला, लिटरमागे सुमारे २८ घन मिलिमीटर. १९६४ साली ती व्याख्या रद्द झाली आणि लिटर पुन्हा घन डेसिमीटरचंच दुसरं नाव ठरला. टाकीच्या हिशेबात या फरकाला काही किंमत नाही, पण जुन्या वैज्ञानिक तक्त्यांमध्ये मिलिलिटर आणि घन सेंटिमीटर वेगळे का लिहीत, त्याचं कारण हे.

लिटरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र उलटी आहे आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. घन सेंटिमीटर लिहिताना घात असतो, लिटर लिहिताना नसतो. लिटर हे आधीच घनफळाचं एकक आहे, त्याच्या डोक्यावर छोटा ३ नाही. म्हणून लिटरला लावलेला उपसर्ग साधाच राहतो, त्याचा घन होत नाही. मिलिलिटर म्हणजे लिटरचा हजारावा भाग, सेंटिलिटर म्हणजे शंभरावा भाग, किलोलिटर म्हणजे १,००० लिटर.

यातून दोन शिड्या तयार होतात. लिटरच्या शिडीवर मिलि, सेंटि, डेसि, लिटर अशा पायऱ्या दहा-दहा पटींच्या आहेत. घन एककांच्या शिडीवर घन मिलिमीटर, घन सेंटिमीटर, घन डेसिमीटर, घनमीटर या पायऱ्या हजार-हजार पटींच्या आहेत. दोन्ही शिड्या शेजारी उभ्या केल्या तर घन सेंटिमीटरसमोर मिलिलिटर येतो, घन डेसिमीटरसमोर लिटर आणि घनमीटरसमोर किलोलिटर. घन सेंटिमीटरसमोर सेंटिलिटर येत नाही, दोघांच्या नावात सेंटि असलं तरी. १ सेंटिलिटर म्हणजे १० घन सेंटिमीटर. उपसर्ग सारखा दिसला म्हणून माप सारखं मानणं, ही या विषयातली सर्वांत फसवी चूक आहे, कारण उत्तर फक्त १० पटींनी चुकतं आणि १० पटींची चूक १०,००० पटींसारखी डोळ्यांत भरत नाही.

तुमच्या ३,६०,००० घन सेंटिमीटरला १,००० ने भागा, ३६० लिटर येतात. दुसऱ्या वाटेने ०.३६ घनमीटरला १,००० ने गुणा, ३६० लिटरच येतात. थरांवरून यायचं तर १ मी × १ मी × १ सेमीचा थर १०,००० घन सेंटिमीटरचा, म्हणजे १० लिटरचा, आणि असे थर ३६. तुमचा मूळ आकडा इथे कामाला आला.

रोजच्या वापरासाठी मात्र मी यातलं काहीच करत नाही. टाकी, हौद, पेटी, काहीही असो, मापं घेतली की गुणाकाराच्या आधीच ती डेसिमीटरमध्ये लिहिते. १.२ मीटर म्हणजे १२ डेसिमीटर, ०.६ म्हणजे ६, ०.५ म्हणजे ५. १२ × ६ × ५ = ३६०. हे थेट लिटरच आहेत. तुमच्या डोळ्यांसमोर १० सेमी बाजूच्या पेट्या लांबीत १२, रुंदीत ६ आणि उंचीत ५ मांडलेल्या दिसतात, नंतर पट लावायचा प्रश्नच उरत नाही. एकक आधी बदलावं, गुणाकार नंतर करावा. लांबीचं रूपांतर करताना कुणी चुकत नाही, कारण तिथे घात नसतो. फरशीला सेंटिमीटर आणि पाण्याला डेसिमीटर, एवढं ठरवून टाकलं तर १०,००० आणि १०,००,००० पाठ करायची गरजच राहत नाही.

पण म्हणून घनफळ आलं की डोळे मिटून घन करायचा, असंही नाही. किती लांब्यांचं एकक बदलतंय ते बघावं लागतं. उदाहरणार्थ, १ चौरस मीटर सपाट जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळं पाणी तिथेच थांबलं, तर ते किती? इथे लांबी-रुंदी मीटरमध्येच आहे, फक्त उंची मिलिमीटरमध्ये. तेव्हा एकच माप बदलायचं: १ मिमी = ०.००१ मीटर. १ × १ × ०.००१ = ०.००१ घनमीटर, म्हणजे बरोबर १ लिटर. पावसाचा १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, ही सुंदर जुळणी यातून निघते. १० मिमी पाऊस ६ चौरस मीटर गच्चीवर पडला तर ६० लिटर. इथे कुणी सवयीने १,००० चा घन केला तर हिशेब हवेत जाईल.

रंगाच्या डब्यावर लिटरमागे १० चौरस मीटर असं लिहिलेलं असेल तर त्यालाही हीच किल्ली लागते. १ लिटर म्हणजे ०.००१ घनमीटर, त्याला १० चौरस मीटरने भागलं की ०.०००१ मीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटर. ओल्या रंगाच्या थराची ही जाडी. घनफळाला क्षेत्रफळाने भागलं की तीन लांब्यांतल्या दोन कटतात आणि एक उरते, हे एककांनीच सांगितलं.

आता तुमच्या टाकीत खरोखर ३६० लिटर मावतील का? मापं बाहेरून घेतली असतील तर नाही. समजा काच १० मिमी जाडीची आहे, म्हणजे १ सेमी. लांबीतून दोन्ही बाजूंची काच वजा करा: १२० - २ = ११८. रुंदी ६० - २ = ५८. उंचीत फक्त तळाची काच, वरून टाकी उघडी: ५० - १ = ४९. ११८ × ५८ × ४९ = ३,३५,३५६ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३३५ लिटर. एका सेंटिमीटरच्या काचेने जवळपास २५ लिटर खाल्ले! तीन मापांत थोडी थोडी घट झाली की गुणाकारात ती तिन्ही एकत्र येते. मोजण्यातल्या चुकीचंही तसंच. प्रत्येक माप १ टक्का जास्त घेतलं तर घनफळ साधारण ३ टक्के जास्त येतं, क्षेत्रफळ २ टक्के. म्हणून टाकीला पट्टी लावताना आतून लावा.

टाकी कुणी काठोकाठ भरत नाही. वरून ५ सेमी रिकामी ठेवली तर पाण्याची उंची ४४ सेमी आणि पाणी ११८ × ५८ × ४४ = ३,०१,१३६ घन सेंटिमीटर, ३०१ लिटर. आतल्या तळाचं क्षेत्रफळ ११८ × ५८ = ६,८४४ चौरस सेंटिमीटर आहे, तेव्हा उंचीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ६.८४ लिटर. काचेच्या बाहेरून सेंटिमीटरची पट्टी चिकटवलीत तर पाणी किती आहे आणि बदलायला किती काढलं, ते नुसतं बघून सांगता येईल.

आणि टाकी जिथे ठेवणार त्या जागेचा विचार आत्ताच करा, कारण लिटर समजले की वजन लगेच समजतं. १ लिटर पाणी जवळजवळ १ किलोग्रॅम, म्हणजे पाणीच ३०१ किलो. काचेचं घनफळ बाहेरच्या ३,६०,००० मधून आतले ३,३५,३५६ वजा करून २४,६४४ घन सेंटिमीटर. साध्या काचेचं वजन दर घन सेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम असतं, म्हणजे काच साधारण ६२ किलो. दोन्ही मिळून ३६३ किलोच्या आसपास, खाली वाळू-दगड घातले नाहीत तर.

हे वजन १.२ मी × ०.६ मी, म्हणजे ०.७२ चौरस मीटर तळावर येतं. ३६३ ला ०.७२ ने भागलं की दर चौरस मीटरला सुमारे ५०४ किलो. हाच भार दर चौरस सेंटिमीटरला सांगायचा तर इथे गुणायचं नाही, भागायचं, कारण चौरस सेंटिमीटर लहान आहे आणि त्याच्या वाट्याला भारही लहान येणार: ५०४ ÷ १०,००० = सुमारे ०.०५ किलो, म्हणजे ५० ग्रॅम. आकडा केवढा निरुपद्रवी दिसतो बघा! म्हणून जमिनीला हा भार पेलेल का हे ज्यांना विचाराल, त्यांना चौरस मीटरचा आकडा द्या. आणि टाकी पायांच्या घडवंचीवर ठेवणार असाल तर तेही सांगा, कारण मग ३६३ किलो ०.७२ चौरस मीटरवर पसरत नाहीत, चार पायांखालच्या थोड्याशा चौरस सेंटिमीटरांवर येतात. पाय ५ सेमी बाजूचे चौरस असतील तर चारांचं मिळून क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, आणि घडवंचीचं स्वतःचं वजन सोडूनही दर चौरस सेंटिमीटरला ३.६ किलो.